मूळ कागद नेमका कुठं असतो?

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहणारी स्वाती कुंभार ही मुलगी २०२५ मध्ये बारावी विज्ञान झाली. सीईटीचे गुण बरे आहेत, इंजिनिअरिंगला जायचंय, आणि इतर मागास प्रवर्गातून राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत अर्ज भरायचाय. घरात एक प्लास्टिकची फाईल आहे. तिच्यात दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, आजोबांच्या शाळेचा एक उतारा, आधार कार्डाच्या सात-आठ झेरॉक्स आणि कुणाचं तरी जुनं रेशनकार्ड असा सगळा ऐवज एकत्र कोंबलेला आहे. वडिलांच्या मोबाइलमध्ये याच कागदांचे फोटो आहेत, पण ते लग्नाच्या फोटोंमध्ये विखुरलेले.

अशी फाईल लावायला बसलं की बहुतेक जण ‘ओरिजिनल एकीकडे, झेरॉक्स दुसरीकडे’ अशी वाटणी करतात. सुरुवात म्हणून ती वाईट नाही, पण आता ती पुरत नाही. स्वातीच्या फाईलमधला प्रत्येक कागद हातात घेऊन ‘याचं मूळ कुठं आहे?’ असं विचारलं, तर प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. ते उत्तर ठरल्याशिवाय कशाचं स्कॅन करायचं, कशावर सही करायची आणि काय जिवापाड जपायचं, हे ठरत नाही.

सोप्यापासून सुरू करू. दहावी-बारावीची गुणपत्रिका मंडळानं छापून दिलेली असते. तिचं मूळ म्हणजे तो कागदच. निकालाच्या दिवशी संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत ही गुणपत्रिका नव्हे. तीच जपून ठेवणारी घरं मात्र पुष्कळ आहेत. मूळ गुणपत्रिका हरवली तर विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. स्वातीसाठी हे मंडळ कोल्हापूरचं. दुय्यम प्रत मिळायला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या वेळापत्रकात तेवढा वेळ नसतो, एवढीच अडचण.

शाळा सोडल्याचा दाखलाही कागदीच. फरक असा की हा कागद स्वातीच्या हातून जाणार आहे. कॉलेजात प्रवेश निश्चित झाला की तो तिथं जमा होतो. इतर मूळ कागद पाहून लगेच परत करायचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत संस्थांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत असं स्पष्ट सांगितलंय. पण दाखला जमा होणारच. म्हणून घरातून निघण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचं स्कॅन आणि चार-पाच सत्यप्रती तयार हव्यात. पुढं पासपोर्टसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी दाखल्यावरची जन्मतारीख हवी झाली, तर त्याच कामाला येतील.

आता जातीचा दाखला. इथं गोष्ट उलटी होते. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मिळणारे जातीचे, नॉन-क्रिमिलेअरचे, उत्पन्नाचे आणि अधिवासाचे दाखले हे अधिकाऱ्याची डिजिटल सही असलेल्या पीडीएफ फाईली असतात. सेतू केंद्रातून रंगीत प्रिंट हातात येते, ती प्लास्टिकच्या पिशवीत जाते आणि घरात ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवते. खरं मूळ ती पीडीएफ आहे. प्रिंट ही तिची एक छापील प्रत. तिच्यावरच्या बारकोडवरून दाखला तपासता येतो म्हणून ती चालते. पण स्वातीच्या घरी काय झालं असेल, याचा अंदाज बांधता येतो. पीडीएफ सेतूच्या संगणकावरच राहिली, घरी प्रिंट आली, तिचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो फोटो अर्जाला जोडायला घेतला. म्हणजे मूळ पोर्टलवर तसंच पडून आहे आणि अर्जाला चाललीय नकलेची नक्कल, तीही अंगठ्याच्या सावलीसह.

डिजिटल सही असलेल्या फाईलचं एक वैशिष्ट्य कळून घ्यायला हवं. ती सही म्हणजे पानावर दिसणारं चित्र नव्हे. फाईलच्या पूर्ण मजकुराशी ती गणितानं बांधलेली असते, त्यामुळे फाईलमध्ये नंतर काहीही बदललं तर ती सही मोडते. आकार कमी करणाऱ्या एखाद्या संकेतस्थळातून ही पीडीएफ काढली, दुसऱ्या पीडीएफला जोडली किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली, की दाखला दिसायला तसाच राहतो पण सही उरत नाही. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाईल उघडली तर सहीच्या जागी काय दिसतं ते पाहावं. हिरवी खूण असेल तर उत्तम. पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की लोक घाबरतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की भारतातल्या प्रमाणन यंत्रणेवर विश्वास ठेवायला त्या संगणकाला अजून सांगितलेलं नाही. त्यावरून दाखला खोटा ठरत नाही. लाल फुली मात्र गंभीर घ्यावी, कारण सही झाल्यानंतर फाईल बदलली असावी. मोबाइलवरचे बहुतेक वाचक ही तपासणी करतच नाहीत, त्यामुळे मोबाइलवर सगळं ठीक दिसतं यावर विसंबू नये.

म्हणून अशा दाखल्याची फाईल पोर्टलवरून जशी उतरवली तशी, कुठलाही हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. अर्जासाठी लहान आकाराची प्रत लागली तर ती या फाईलची नक्कल करून बनवायची. डिजिलॉकरमधल्या कागदांनाही हाच विचार लागू आहे. तिथं ‘इश्यूड’ या भागात मंडळानं किंवा खात्यानं थेट पाठवलेले कागद असतात आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनी त्यांना मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा दिला आहे. आपण स्वतः फोटो काढून तिथं चढवलेल्या कागदांना तो दर्जा नाही. दोन्ही एकाच ॲपमध्ये शेजारी दिसतात, म्हणून गल्लत होते.

आणि तिसरा प्रकार, ज्याचं मूळ स्वातीच्या घरी कधी नव्हतंच आणि येणारही नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीसमोर जुने पुरावे मांडावे लागतात. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानली जाते; तिच्या आधीच्या नोंदीत जातीचा उल्लेख आणि त्या काळातलं गावातलं वास्तव्य दिसावं लागतं. स्वातीच्या आजोबांचं नाव जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे. ते रजिस्टर शाळेच्या कपाटातून बाहेर पडत नाही. मुख्याध्यापक त्यातल्या नोंदीचा प्रवेश-निर्गम उतारा सही-शिक्क्यानिशी देतात. जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुकात असली, तर तिची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते; काही ठिकाणी ती नोंद मोडीत असते आणि तिचं लिप्यंतरही करून घ्यावं लागतं.

अशा उताऱ्याचं सगळं वजन तो देणाऱ्याच्या जबाबदारीवर उभं असतं. सार्वजनिक अभिलेखाची प्रमाणित नक्कल पुरावा म्हणून ग्राह्य धरायची सोय पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. पण नक्कल नीट आहे की नाही, हे खिडकीवरच पाहून घ्यावं. नोंदीचा रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक, जावक क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि पद हे सगळं हवं. शिक्का सहीला चिकटून, वाचता येईल असा हवा. जावक क्रमांक राहून गेला की पुढं समितीच्या दक्षता पथकानं शाळेत चौकशी केली तर हा उतारा कधी दिला गेला, ते शाळेलाच सापडत नाही. उतारा देणारे मुख्याध्यापक निवृत्त झालेले असले की आणखीच घोळ.

या नकलेशी साध्या साक्षांकित प्रतीची गल्लत होते, ती इथंच सोडवून टाकू. साक्षांकित प्रत म्हणजे मूळ कागद समोर ठेवून, झेरॉक्स त्याच्याशी ताडून पाहून कुणीतरी ‘खरी प्रत’ म्हणून केलेली सही. पूर्वी त्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा विशेष कार्यकारी अधिकाऱ्याच्या दारात रांग लागायची. गेल्या दहा-बारा वर्षांत केंद्र आणि राज्य दोन्ही सरकारांनी बहुतेक कामांसाठी स्वयंसाक्षांकन मान्य केलंय आणि महाराष्ट्रात त्यासाठी स्वयंघोषणापत्राचा छापील नमुनाही आहे. स्वातीनं प्रत्येक पानावर ‘मूळ कागदावरून खरी प्रत’ असं लिहून सही आणि तारीख टाकायची. सोबत ‘फक्त इंजिनिअरिंग प्रवेश २०२५-२६ साठी’ असंही आडवं लिहावं. तशी प्रत दुसरीकडे कुणी सिमकार्ड काढायला वापरू शकत नाही. वेळ वाचवायला वीस कोऱ्या झेरॉक्सवर आधीच सह्या करून ठेवायची सवय वाईट, आणि ती नेमकी हुशार घरांत असते. आणखी एक गोष्ट. साक्षांकित प्रतीची झेरॉक्स काढली की ती पुन्हा नुसती झेरॉक्स होते. सही शाईची हवी. पेनचा दाब कागदाच्या मागून बोटाला लागतो, तेवढी तपासणी पुरे.

जपणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. मूळ कागद लॅमिनेट करू नये. लॅमिनेशन परत निघत नाही, शिक्क्याचा उठाव आणि कागदाची जात तपासता येत नाही आणि स्कॅनरखाली पान चकाकतं. बाजारातल्या काही मऊ पिशव्या पीव्हीसीच्या असतात. काही वर्षांत लेझर प्रिंटची शाई तिला चिकटते आणि कागद बाहेर काढताना अक्षरं पिशवीवरच राहतात. पॉलिप्रोपिलीनची पिशवी घ्यावी, प्रत्येक कागदाला वेगळी. स्टेपलची पिन गंजते, ती काढून टाकावी. आणि फाईल पलंगाखालच्या ट्रंकेत नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घरांत शिरलं, तेव्हा सगळ्यात आधी खालचे कप्पे भिजले.

आता स्कॅन. इथं एकच तत्त्व पाळलं तरी निम्मा त्रास जातो: एकदा उत्तम स्कॅन करायचं आणि लागेल तशा लहान प्रती त्यातूनच काढायच्या. ए-फोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला की साधारण २४८० बाय ३५०८ ठिपके मिळतात आणि रंगीत पानाची फाईल एक ते दोन एमबीची होते. एवढ्यात बारकोडखालचा बारीक आकडाही वाचता येतो. स्कॅन रंगीतच हवं, कारण मोबाइलच्या स्कॅन ॲपमधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पर्याय पान छान पांढरं करतो आणि त्या साफसफाईत फिका निळा शिक्का उडवून टाकतो. शिक्का नसलेला उतारा मग तपासणाऱ्याला अपुराच दिसतो. मागची बाजू कोरी वाटली तरी स्कॅन करावी. कधी अटी तिथं असतात, कधी एखादा शेरा.

मोबाइलनंही काम होतं. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कागद सपाट ठेवून, फोन अगदी वरून धरून, आणि कॅमेऱ्याऐवजी ड्राइव्हमधला किंवा फोनमधला स्कॅन पर्याय वापरून. चारही कडा दिसल्या पाहिजेत. मग तो स्कॅन व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवू नये, कारण ते चित्र लहान करून पाठवतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर फाईल जशीच्या तशी जाते.

अर्जात मर्यादा असते, समजा २५० केबीची. मूळ स्कॅनची नक्कल करून तिची घनता १५० डीपीआयवर आणली, म्हणजे १२४० बाय १७५४ ठिपके, आणि तेही जड झालं तर रंग काढून करड्या छटा ठेवल्या, की पान साधारण मर्यादेत बसतं. जेपीजी प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडी माहिती टाकून देतो, म्हणून लहान केलेल्या प्रतीतून आणखी लहान प्रत काढत बसू नये. दर वेळी मूळ स्कॅनकडे परत जावं. चढवण्याआधी फाईल शंभर टक्के आकारात उघडून दाखला क्रमांक मोठ्यानं वाचावा. ३ आणि ८ वेगळे ओळखता येत नसतील तर तपासणाऱ्यालाही येणार नाहीत. ऑनलाइन पडताळणीत अर्ज शेरा मारून परत येतो, दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो, पण तोवर शेवटची तारीख जवळ आलेली असते.

नावं द्यायचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण फाईलचं नाव म्हणजे न उघडता वाचता येणारी नोंद. `scan0017.pdf` किंवा `IMG_2025.jpg` काहीच सांगत नाही, आणि `final_new_final2.pdf` तर खोटंच सांगतं. स्वातीच्या फाईली अशा दिसाव्यात:

```
kumbhar-swati_10vi-gunpatrika_2023_mool.pdf
kumbhar-swati_jaat-dakhla_2022-08-17_digi.pdf
kumbhar-swati_ncl_2024-06-05_vaidh-2026-03-31_digi.pdf
kumbhar-aajoba_pravesh-nirgam_2023-11-20_nakkal.pdf
kumbhar-swati_10vi-gunpatrika_2023_upload-250kb.pdf
```

आधी माणूस, मग कागद, मग तो दिल्याची तारीख, आणि शेवटी ही कसली प्रत आहे ते. `mool` म्हणजे कागदी मुळाचं पूर्ण स्कॅन, `digi` म्हणजे सहीसकट उतरवलेली फाईल, `nakkal` म्हणजे कार्यालयानं दिलेल्या नकलेचं स्कॅन. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी लिहिली की संगणक आपोआप कालक्रमानं लावतो. सगळं रोमन अक्षरांत आणि जागा न सोडता, कारण अनेक संकेतस्थळं देवनागरी नाव, कंस किंवा मोकळी जागा दिसली की फाईल नाकारतात आणि कारण सांगत नाहीत. तिसऱ्या नावातलं `vaidh` विनाकारण नाही. २०२५-२६ च्या प्रवेशाला नॉन-क्रिमिलेअर दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असावा लागतो. ती तारीख नावातच दिसली तर गेल्या वर्षी संपलेला दाखला चुकून जोडला जात नाही. तो जोडला गेला आणि नवा वेळेत आला नाही, तर स्वातीचा विचार खुल्या प्रवर्गात होतो.

फोल्डर तीनच पुरतात. एकात कागदी मुळांची स्कॅन, दुसऱ्यात डिजिटल सहीच्या फाईली, आणि तिसऱ्यात जे जे पाठवलं ते, प्रत्येक अर्जाचा वेगळा उपफोल्डर करून. या तिसऱ्यात पोर्टलवर चढवलेली नेमकी प्रत, भरलेल्या अर्जाची पीडीएफ, फी भरल्याची पावती आणि पोचपावती राहते. नंतर ‘तुम्ही हे जोडलंच नव्हतं’ असं कुणी म्हणालं तर दाखवायला तेच असतं. आधी पाठवलेली प्रत नंतर सुधारून त्याच नावानं साठवू नये. तसं केलं की प्रत्यक्ष काय पाठवलं होतं, ते कुणालाच सांगता येत नाही.

सोबत एक तक्ता, वहीच्या पानावर केला तरी चालेल. प्रत्येक कागदाला एक ओळ: दाखला क्रमांक, देणारं कार्यालय, तारीख, वैधता, मूळ सध्या कुठं आहे, आणि त्यावर नाव नेमकं कसं छापलंय. हा शेवटचा रकाना भरताना घरोघरी शोध लागतात. गुणपत्रिकेवर आडनाव पुढं आणि Kumbhar, आधारवर Kumbar, वडिलांचं नाव एकीकडे Maruti तर दुसरीकडे Maroti. मे महिन्यात दिसलं तर दुरुस्तीला वेळ असतो. जुलैत तपासणी केंद्रावर दिसलं तर धावपळ.

बॅकअपचा जुना आणि पक्का ठोकताळा म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. स्वातीसाठी याचा अर्थ घरचा संगणक किंवा वडिलांचा फोन, एक पेनड्राइव्ह, आणि एक ऑनलाइन जागा. गूगलच्या फुकट १५ जीबीत असे शेकडो कागद मावतात; फक्त ती जागा मेल आणि फोटोंसोबत वाटलेली असते, म्हणून फोटोंनी ती भरून टाकली नाही ना ते पाहावं. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जातं, आणि ड्राइव्हच्या कचरापेटीत ते तीस दिवसच राहतं. पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात लावायची वेळ आली तर त्यात फक्त लागणारी फाईल न्यावी, पूर्ण संच नाही. परत आणताना विषाणूही येतात. तिथल्या संगणकावर उतरवलेली फाईल ‘डाउनलोड्स’मधून पुसायची आणि मेलमधून बाहेर पडायचं, हे तिथं दुकानदाराची गर्दी असली तरी. आधारची प्रत द्यायची असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर शेवटचे चार आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार उतरवून घ्यावं.

ऑनलाइन प्रतीची एक मर्यादा अशी की तिचं दार मोबाइल क्रमांकावर उघडतं. डिजिलॉकर, मेल आणि पोर्टल सगळे ओटीपी मागतात. प्रवेशाच्या हंगामात सिम बदललं किंवा रिचार्ज संपून बंद पडलं, तर कागद सुरक्षित असूनही हाती लागत नाहीत. म्हणून पेनड्राइव्हवरची प्रत. आणि तीही वर्षातून एकदा दुसऱ्याच संगणकावर लावून दोन-तीन फाईली उघडून पाहायची, कारण न वापरता ठेवलेल्या पेनड्राइव्हवरची माहिती वर्षांनी विरू शकते.

कॉलेजात हजर व्हायच्या दिवशी स्वातीच्या पिशवीत मूळ कागद तक्त्यातल्याच क्रमानं असावेत आणि मागं सत्यप्रतींचे दोन संच. मूळ कागद एकेक करून टेबलावर द्यावेत आणि पाहून झाले की लगेच परत घ्यावेत; सगळी फाईल उचलून देऊ नये. शाळा सोडल्याचा दाखला जमा झाला की त्याची पोच तिथंच मागून घ्यायची. घरी आल्यावर तक्त्यात त्या ओळीपुढं ‘मूळ: कॉलेजात’ असं लिहून पोचपावतीचा क्रमांक टाकायचा, आणि नॉन-क्रिमिलेअरच्या ओळीपुढं पुढच्या अर्जाचा महिना.